बोबड्या बोलांचं कुलूप

अमेरिकेतल्या डॅलसमध्ये सहा वर्षांच्या एका मुलीने घरातल्या अ‍ॅमेझॉन इकोला म्हटलं, माझ्याशी बाहुलीघर खेळतेस का, आणि मला एक बाहुलीघर आणून देशील का? यंत्राने खेळाचा भाग सोडून दिला आणि खरेदीचा तेवढा नेमका पकडला. काही दिवसांनी घरी दीडशे डॉलरच्या वर किंमत असलेलं मोठं बाहुलीघर आलं आणि सोबत चार पौंड बिस्किटं. जानेवारी २०१७मध्ये सॅन डिएगोच्या एका वाहिनीने ही बातमी सकाळच्या कार्यक्रमात दाखवली. निवेदकाने कौतुकाने मुलीचं वाक्य पुन्हा उच्चारलं आणि प्रेक्षकांचे फोन यायला लागले : टीव्हीचा आवाज ऐकून आमच्या घरातलं यंत्रही बाहुलीघर मागवायला निघालं.

ही गोष्ट जगभर गंमत म्हणून फिरली. मुलं असलेल्या घरात मात्र रोजची तक्रार नेमकी उलटी असते. मूल गाणं मागतं, यंत्र बातम्या लावतं. मूल तीनदा विचारतं, यंत्र तीनदा माफी मागतं. जे यंत्र साधी बालगीताची फर्माईश ओळखत नाही, त्याला खरेदी बरी कळते, हे कसं? याचं उत्तर शोधताना एक मुद्दा हाती लागतो आणि या लेखात मला तोच सांगायचा आहे. या यंत्रात दोन वेगळी कामं चालतात. काय बोललं गेलं हे ओळखणं हे एक, आणि कोण बोललं हे ओळखणं हे दुसरं. लहान मुलाच्या बाबतीत ही दोन्ही कामं कच्ची पडतात. आणि मुलांसाठीची बंधनं घालताना पालक, कधी कधी कंपन्याही, या दुसऱ्या कच्च्या कामावर भिस्त ठेवतात.

आधी पहिलं काम. आवाज तयार होतो स्वरयंत्रात आणि त्याला अक्षरांचं रूप येतं घशापासून ओठांपर्यंतच्या पोकळीत. प्रौढ पुरुषात ही पोकळी साधारण १७ सेंटिमीटर लांब असते, पाच वर्षांच्या मुलात अकरा-बाराच्या आसपास. आखूड बासरीचा सूर उंच लागतो तसं इथे होतं. मोठ्या माणसाच्या नळीतला पहिला अनुनाद ५०० हर्ट्झजवळ असेल, तर मुलाच्या नळीत तोच ७५० च्या आसपास सरकतो. ‘आ’, ‘इ’, ‘उ’ हे स्वर आपण एकमेकांपासून वेगळे ओळखतो ते या अनुनादांच्या जागांवरून. मोठ्यांच्या आवाजावर शिकलेलं यंत्र या जागा मोठ्यांच्या नकाशावर शोधतं आणि मुलाचा एक स्वर दुसऱ्याच्या घरात जाऊन बसतो.

नळीच्या लांबीचा हिशेब तसा सोपा आहे. नकाशा ठरावीक प्रमाणात ताणला किंवा आकसला की बरंचसं जुळतं. ही युक्ती संशोधकांना नव्वदच्या दशकापासून माहीत आहे. अडचण मुलाच्या आवाजाच्या उंचीतून येते. पुरुषाचा मूळ सूर १२० हर्ट्झच्या आसपास असतो. त्याच्या आवाजात १२०, २४०, ३६०, ४८०, ६०० असे त्याच्या पटीतले सूर दाटीवाटीने उभे असतात. अनुनाद ५०० ला असेल तर शेजारीच ४८० चा सूर आहे, तो उसळून वर येतो आणि यंत्राला अनुनादाची जागा दिसते. मुलाचा मूळ सूर ३०० च्या घरात असेल, तर त्याच्या आवाजात ३००, ६००, ९०० एवढेच टप्पे येतात. अनुनाद ७५० ला असेल तर तिथे उसळायला सूरच नाही. माणसाचा कान संदर्भावरून ही रिकामी जागा भरून काढतो. यंत्राला ६०० आणि ९०० मधली पोकळी दिसते आणि ते अंदाज बांधतं.

आता मूल ओरडलं तर काय होईल? यंत्राने ऐकलं नाही की मूल तेच वाक्य पुन्हा म्हणतं, मोठ्याने आणि चढ्या सुरात. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८मध्ये तीन ते पाच वर्षांच्या मुलांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. टॅबलेटवरच्या खेळात बदकासारखं ‘क्वॅक’ म्हणायचं होतं, पण खेळ बिघडलेला होता आणि काहीच ऐकत नव्हता. मुलं फारशी रागावली नाहीत, चिकाटीने तेच म्हणत राहिली, आवाज आणि सूर बदलून बदलून. माणसासमोर हा उपाय बरोबर ठरतो. यंत्रासमोर तो उलटतो, कारण ओरडताना सूर आणखी चढतो आणि आधीच विरळ असलेले टप्पे आणखी लांब जातात.

उच्चारांची गोष्ट यापुढची. मराठी घरात ‘काका’चा ‘ताता’ होतो, ‘रस्ता’चा ‘लस्ता’. ‘क’ आणि ‘ग’ जिभेच्या मागच्या भागातून येतात, लहान मूल त्यांना पुढे ओढून ‘त’ आणि ‘द’ करतं. ‘र’ तर सगळ्यात उशिरा येणाऱ्यांपैकी एक. म्हणजे ‘गाणं लाव’ हे ‘दाणं लाव’ होतं. त्यातच या स्पीकरांना आपल्याकडे मुख्यतः इंग्रजी आणि हिंदी कळते. फोनमधल्या गूगल असिस्टंटला २०१८पासून मराठी येते, पण टेबलावरच्या डब्याशी मराठी मूल बोलतं ते शाळेतल्या इंग्रजीत किंवा कार्टूनमधल्या हिंदीत. बोबडेपणा एक, परकी भाषा दुसरी, मराठी वळणाचा उच्चार तिसरा.

ठाण्यातल्या माझ्या एका मैत्रिणीच्या घरी यावर तोडगा निघालेला आहे. साडेचार वर्षांची नात मागणी करते आणि सोफ्यावरून आजी तिचं भाषांतर यंत्राला ऐकवतात. ‘‘तिला हत्तीची गोष्ट हवीय, हाथी की कहानी सुनाओ.’’ यंत्र आजींचं ऐकतं. मैत्रीण म्हणाली, ‘‘आई, तुम्ही तिचं ऐकून त्याला सांगता, मग तुम्हीच का नाही गोष्ट सांगत?’’ आजींचं उत्तर छापण्याजोगं आहे : ‘‘माझ्या गोष्टीत हत्ती ओरडत नाही गं.’’

आणखी एक कारण फारसं कोणाच्या लक्षात येत नाही. वाक्य संपलं हे यंत्राला कसं कळतं? शांततेवरून. बोलणारा क्षणभर गप्प झाला की यंत्र ऐकणं थांबवतं आणि उत्तर शोधायला लागतं. मोठ्या माणसाला हा वेळ पुरतो. मूल मात्र ‘मला ना... ती... ती लाल वाली...’ असं बोलतं आणि ‘ती’ आणि ‘लाल’ यांच्या मध्येच यंत्राने दार लावलेलं असतं. मग जे अर्धवट वाक्य हाती आलं, त्याचं यंत्र शक्य तितकं अर्थपूर्ण काहीतरी करतं. इथेच बाहुलीघराचं कोडं सुटतं. आवाज अस्पष्ट असला की यंत्र आपल्याला नेहमी ऐकाव्या लागणाऱ्या वाक्यांकडे झुकतं. दुकानदाराने बनवलेल्या यंत्राला ‘मला अमुक आणून दे’ हा साचा ओळखीचा असतो, आणि बाहुलीघर ही कॅटलॉगातली वस्तू आहे. मुलाने स्वतः रचलेल्या गाण्याचं नाव कुठल्याच साच्यात नसतं.

मग मुलांच्या आवाजावरच यंत्राला का शिकवत नाहीत? शिकवतात, पण नमुने कमी. १९९९मध्ये ली, पोटामिआनोस आणि नारायणन यांनी पाच ते सतरा वर्षांच्या ४३६ मुलांचे आणि ५६ प्रौढांचे आवाज मोजले. मुलं जितकी लहान तितका त्यांच्या उच्चारांत चढउतार अधिक, एकच मूल एकच शब्द दोनदा वेगळा म्हणतं, आणि हा विस्कळीतपणा प्रौढांच्या पातळीला यायला बारा वर्षांच्या आसपासचं वय उजाडतं, असं त्यांना दिसलं. म्हणजे मोठ्यांपेक्षा मुलांचे नमुने जास्त हवेत. प्रत्यक्षात मुलांच्या आवाजाचा संशोधकांना उपलब्ध असलेला एक मोठा इंग्रजी संग्रह सुमारे ४०० तासांचा आहे, तोही तिसरी ते पाचवीच्या मुलांचा, म्हणजे बोबडेपणा संपल्यानंतरचा. मोठ्यांच्या आवाजावर पोसलेल्या यंत्रांना आज लाखो तासांचा खुराक मिळतो. डब्लिनमध्ये पॅट्रिशिया स्कॅनलन यांनी २०१३मध्ये सोपबॉक्स लॅब्स ही कंपनी काढली ती केवळ मुलांच्या आवाजासाठी. तिचा उपयोग झाला मुख्यतः वाचन शिकवणाऱ्या शैक्षणिक साधनांत.

नमुने गोळा करायला आडवा येतो कायदा, आणि तो योग्य कारणासाठी येतो. अमेरिकेत १९९८च्या ‘कोपा’ कायद्याने तेरा वर्षांखालच्या मुलांची माहिती पालकांच्या संमतीशिवाय घेता येत नाही, आणि गरजेपेक्षा जास्त काळ ठेवता येत नाही. मे २०२३मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने आणि न्याय खात्याने अ‍ॅमेझॉनविरुद्ध खटला केला. आरोप असा की कंपनीने मुलांचे आवाज अमर्याद काळ साठवून ठेवले आणि पालकांनी पुसायला सांगितल्यावरही सगळं पुसलं नाही. कंपनीने आरोप मान्य केले नाहीत, पण अडीच कोटी डॉलर दंड भरून प्रकरण मिटवलं. आयोगाच्या मांडणीतला एक मुद्दा मला फार बोलका वाटतो. मुलांची बोलण्याची ढब मोठ्यांहून वेगळी असते, म्हणून हा बेकायदा साठा यंत्राला मुलांचं बोलणं शिकवण्यासाठी कंपनीला मौल्यवान होता, असं आयोगाने म्हटलं. ज्या उणिवेमुळे यंत्र मुलांचं चुकीचं ऐकतं, तीच उणीव साठा करण्याचं आमिष झाली.

आता दुसरं काम : कोण बोललं. यासाठी यंत्र घरातल्या प्रत्येकाकडून काही ठरलेली वाक्यं म्हणवून घेतं आणि त्यावरून आवाजाचा ठसा तयार करतं. पुढे कोणी बोललं की नवा आवाज या ठशांशी ताडून पाहतं आणि साम्य ठरावीक मर्यादेच्या वर गेलं तर म्हणतं, ही अमुक. मर्यादा सैल ठेवली तर भलताच माणूस आत येतो, कडक ठेवली तर घरचाच बाहेर राहतो. मुलांच्या बाबतीत दोन्ही चुका वाढतात. वयात येण्याआधी मुलामुलींचे आवाज फारसे वेगळे नसतात, भावंडांचे तर नसतातच. आणि मुलाचा ठसा टिकत नाही. सहाव्या वर्षी घेतलेला ठसा आठव्या वर्षी जुना होतो, सर्दी झाली की आठवड्यापुरता बिनकामाचा होतो, पुढचे दात पडले की ‘स’ बदलतो.

म्हणून मुलाचं प्रोफाइल बनवताना विचारायचा प्रश्न एकच : यंत्राला आवाज ओळखता आला नाही तर ते काय करतं? याची उत्तरं व्यवस्थेनुसार बदलतात, आणि त्यावर सगळं अवलंबून आहे.

साधा प्रकार असा. स्पीकर आईच्या खात्यावर आहे, तिथे मुलाच्या आवाजाचाही ठसा आहे. मुलाचा आवाज ओळखला गेला तर मुलांसाठीचं उत्तर, नाहीतर नेहमीचं, म्हणजे आईच्या खात्याचं. इथे कुलूप तेव्हाच लागतं जेव्हा यंत्र मुलाला ओळखतं. आणि यंत्राला सर्वांत कमी ओळखता येतो तो मुलाचाच आवाज. ज्याला अडवायचं त्याला न ओळखणारा हा पहारा आहे. दुसरा प्रकार उलट चालतो. गूगलच्या होम अ‍ॅपमध्ये आशयाची गाळणी लावताना ती सगळ्यांसाठी लावायची की फक्त मुलांच्या देखरेखीखालच्या खात्यांसाठी आणि पाहुण्यांसाठी, हे निवडता येतं. ‘पाहुणे’ म्हणजे ज्यांचा आवाज ओळखू आला नाही ते सगळे. अनोळखी आवाज आला की बंधन लागू. इथे चूक झाली तर त्रास आजोबांना होतो, मुलाला मोकळं रान मिळत नाही. तिसरा प्रकार सगळ्यात भक्कम आणि सगळ्यात कंटाळवाणा : यंत्रच मुलाच्या नावावर करायचं. अ‍ॅमेझॉनने २०१८मध्ये मुलांसाठीचा वेगळा इको काढला तो याच विचाराचा. त्या डब्यासमोर कोणीही बोललं तरी उत्तर मुलांचंच, आणि आवाजावरून खरेदी बंद. ओळखण्याची गरजच संपली. माझं मत विचाराल तर मुलाच्या खोलीत हाच प्रकार हवा, बाकीचं सगळं बैठकीच्या खोलीसाठी.

आशयाच्या गाळणीचीही एक खोच आहे. २०१६च्या डिसेंबरात एका चिमुरड्याचा व्हिडिओ पसरला होता. त्याने गाण्याचं नाव सांगितलं, यंत्राने भलतंच ऐकलं आणि अश्लील शब्दांची माळ म्हणायला सुरुवात केली, मागून घरची मोठी माणसं थांब थांब म्हणून ओरडताहेत. मुलाने वाईट काही मागितलंच नव्हतं. म्हणजे मागणी तपासून चालत नाही, जे वाजणार आहे ते तपासायला हवं. संगीत सेवांवर हे तपासणं होतं ते गाण्याला लावलेल्या ‘एक्सप्लिसिट’ या शिक्क्यावरून, आणि हा शिक्का लावते गाण्याची कंपनी. इंग्रजी रॅपवर तो सर्रास असतो. आपल्याकडच्या द्व्यर्थी गाण्यांवर तो शोधून पाहा. गाळणी सुरू असूनही घरात असं गाणं वाजलं, तर दोष प्रोफाइलचा नसतो, शिक्काच नसतो.

माहितीच्या प्रश्नांचं दुखणं वेगळं. डिसेंबर २०२१मध्ये दहा वर्षांच्या एका मुलीने अलेक्साकडे काहीतरी ‘चॅलेंज’ मागितलं, आणि यंत्राने सॉकेटमध्ये अर्धवट खोचलेल्या चार्जरच्या उघड्या पिनांना नाणं लावायला सांगितलं. आई तिथेच होती म्हणून निभावलं, आणि कंपनीने हे उत्तर काढून टाकलं. ही माहिती इंटरनेटवरच्या एका लेखातून उचललेली होती, आणि तो लेख मुळात या प्रकारापासून सावध करणारा होता. वाईट शब्दांची गाळणी इथे काय करणार? ‘नाणं’, ‘चार्जर’, ‘चॅलेंज’ यांत वाईट काय आहे? म्हणून मुलांच्या पक्क्या प्रोफाइलमध्ये उत्तरं मोकळ्या इंटरनेटवरून न घेता आधीच पाहून ठेवलेल्या साठ्यातून देतात. त्याची किंमत अशी की मूल काहीही जरा वेगळं विचारतं आणि यंत्र हात वर करतं. शरीराबद्दलचा साधा प्रश्नही कधी कधी अडतो. ही अडचण मला तरी परवडणारी वाटते.

पैशांचा प्रश्न आवाजाच्या आधीपासूनचा आहे. २०१४मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने अ‍ॅपलकडून किमान सव्वातीन कोटी डॉलर परत करवले, ते मुलांनी खेळांत केलेल्या खरेदीचे. पालकाने एकदा पासवर्ड टाकला की पंधरा मिनिटं दार उघडं राहत होतं, आणि त्यात मूल हवं तेवढं घेऊ शकत होतं. आवाजाच्या खरेदीत पासवर्डची जागा चार आकडी तोंडी कोडने घेतली. हा कोड मोठ्याने बोलायचा असतो, आणि मूल तिथेच बसलेलं असतं. पहिल्यांदा आई कोड सांगते, दुसऱ्यांदा मूल. त्यातून वाचायचं तर ओळखीच्या आवाजाला कोड न मागण्याची सोय चालू करता येते, पण मग आपण पुन्हा ओळखण्याच्या कच्च्या कामावर येऊन पडतो. डॅलसच्या त्या घरी नंतर कोड लावला आणि बाहुलीघर मुलांच्या रुग्णालयाला दिलं.

आपल्याकडे डॅलससारखा प्रसंग तितक्या सहज घडत नाही, याचं श्रेय प्रोफाइलपेक्षा रिझर्व्ह बँकेला. कार्डाने ऑनलाइन पैसे देताना दुसरी खातरजमा लागते, म्हणजे बहुतेक वेळा फोनवर ओटीपी, आणि तो फोन आईबाबांच्या हातात असतो. पण तीन फटी उरतात. वॉलेटमध्ये आधीच भरून ठेवलेली शिल्लक. एकदा मंजूर केलेलं, दर महिन्याला आपोआप कापलं जाणारं वर्गणीचं शुल्क, ज्याला पंधरा हजारांपर्यंत दरवेळी ओटीपी लागत नाही. आणि ‘घरी आल्यावर पैसे’ हा पर्याय, ज्यात मूल वस्तू मागवतं आणि दारात उभ्या माणसाला पैसे आजी देतात. गूगलच्या फॅमिली लिंकमध्ये मुलाच्या प्रत्येक खरेदीला पालकाची मंजुरी मागता येते, पण ती प्ले स्टोअरच्या बिलातून होणाऱ्या खरेदीपुरती. खेळाच्या आत दुसरीकडे नेऊन पैसे घेतले तर ती कुंपणाबाहेर.

आपलं घर नेमकं कुठे उभं आहे हे तपासायला तंत्रज्ञ लागत नाही. मुलाला यंत्रासमोर उभं करा आणि ‘हू अ‍ॅम आय?’ असं विचारायला सांगा. यंत्र कोणाचं नाव घेतं ते ऐका. मग हेच मुलाला कुजबुजत, ओरडत आणि खोलीच्या दुसऱ्या टोकावरून विचारायला लावा. एकदा जरी आईचं नाव आलं तर आवाजाच्या ठशावर टेकलेली बंधनं सोडून द्यायला हवीत. दुसरं, अ‍ॅपमध्ये आवाजाचा इतिहास उघडा. यंत्राने प्रत्येक वेळी नेमकं काय ऐकलं ते तिथे अक्षरांत लिहिलेलं असतं, रेकॉर्डिंग वाजवूनही पाहता येतं. ठाण्यातल्या त्या घरी आम्ही दोघींनी हे केलं. छोटीच्या मागण्यांपैकी कित्येक निम्म्यावर तोडलेल्या होत्या, आणि एका ठिकाणी ‘दाना’ लिहिलेलं होतं. हा इतिहास तिथेच पुसता येतो, आणि तो ठरावीक काळाने आपोआप पुसला जाईल अशी सोयही असते.

मुलांचे हे आवाज कंपनीकडे किती काळ राहावेत, यावर भारतातही नियम येत आहेत. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात मूल म्हणजे अठरा वर्षांखालचं. त्याची माहिती घ्यायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागेल, आणि मुलावर पाळत ठेवायला किंवा त्याला उद्देशून जाहिराती दाखवायला मनाई असेल. कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये जाहीर झाले, मुख्य जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू होणार आहेत. या यंत्रांची खाती मात्र अमेरिकी कायद्याच्या मापाने बेतलेली आहेत, आणि तिथे सीमा तेराव्या वर्षाची आहे. मुलग्यांचा आवाज फुटतो तोही साधारण याच सुमारास. मूळ सूर सप्तकभर खाली येतो, पोकळी लांबते, आणि इतकी वर्षं ज्याला यंत्र चुकीचं ऐकत होतं त्याचं बोलणं त्याला अचानक नीट कळायला लागतं. कालपर्यंतचा ठसा मात्र त्याला ओळखत नाही. अ‍ॅपमध्ये जाऊन जुना पुसायचा आणि नवा घ्यायचा, हे काम वर्षातून एकदा तरी करावं लागतं, आणि त्याची आठवण यंत्र स्वतःहून करून देईल अशा भरवशावर राहू नये.